हप्ता कळतो, मुदत कळत नाही

‘५,००० रुपयांचा हप्ता १० तारखेला देय आहे.’ सुवर्ण बचत योजनेचा मेसेज बहुधा इथेच थांबतो. मग अकरा हप्ते भरून ५५,००० जमले की ग्राहक रोख मागतो, आणि पेढीवर कळतं की दागिनाच घ्यावा लागेल.

मे महिन्यात सुरू झालेल्या अशा खात्याचा नोव्हेंबरचा मेसेज असा लिहिता येतो: ‘सातवा हप्ता ५,०००, आतापर्यंत जमा ३०,०००. शेवटचा हप्ता १० मार्चला. दागिना ९ मेपर्यंत घ्या, रोख मिळत नाही. घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी वेगळा.’

यातली ९ मे सर्वांत मोलाची. कंपन्यांसाठीच्या २०१४च्या ठेव नियमांनुसार मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळती करावी लागते. एरवी ती ठेव ठरते. योजना अकरा हप्त्यांची असते ती त्यामुळेच.