एका पिवळ्या रेषेचे तुकडे किती?

गॅसवर ठेवलेलं वरण उतू गेलं की निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. चांगल्या वर्णपटमापकातून पाहिलं तर तो एक रंग नसून जवळजवळच्या दोन रेषा असल्याचं दिसतं: एक ५८९.६ नॅनोमीटरवर, दुसरी ५८९.० नॅनोमीटरवर. पहिलीला डी-१ म्हणतात, दुसरीला डी-२. दोघींमधलं अंतर जेमतेम ०.६ नॅनोमीटर. रंगात फरक जवळजवळ नाहीच, तरी हीच सोडियमची ज्योत चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ठेवली की या जुळ्या रेषा वेगवेगळ्या वागतात. डी-१ चे चार तुकडे होतात आणि डी-२ चे सहा. चार आणि सहाच का, हे कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही मोजता येतं. ते कसं मोजायचं, तेच इथे पाहू.

१८९६ मध्ये हॉलंडमधल्या लायडन इथे पीटर झेमान यांनी सोडियमची ज्योत शक्तिशाली विद्युतचुंबकात ठेवली. प्रवाह सुरू करताच डी रेषा रुंदावल्या, बंद करताच पूर्ववत झाल्या. त्यांचे गुरू हेंड्रिक लॉरेन्झ यांनी लगेच त्याचं स्पष्टीकरण दिलं: अणूतला विद्युतभारित कण चुंबकीय क्षेत्रात वेगळ्या गतीने फिरतो, म्हणून एका रेषेच्या तीन रेषा व्हायला हव्यात. एक मूळ जागी, आणि दोन तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर. या कामासाठी दोघांना १९०२ चं नोबेल पारितोषिक मिळालं. पण त्याआधीच डब्लिनमधल्या थॉमस प्रेस्टन यांनी अधिक बारकाईने पाहिलं होतं, आणि सोडियमच्या रेषा तीनाच्या हिशोबात बसत नव्हत्या. चार आणि सहा तुकड्यांचं कोडं पुढची जवळपास पंचवीस वर्षं सुटलं नाही. इलेक्ट्रॉनला स्वतःचं परिवलन असतं, ज्याला स्पिन म्हणतात, हे १९२५ मध्ये पुढे आलं आणि मग हिशोब जुळला.

आता तो हिशोब मांडू. अणूचा इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवरून खालच्या पातळीवर येतो तेव्हा एक वर्णरेषा मिळते. प्रत्येक पातळीला J नावाची एक संख्या असते. ती त्या पातळीचा एकूण कोनीय संवेग सांगते. चुंबकीय क्षेत्र नसताना पातळी एकच दिसते. क्षेत्र लावलं की ती 2J+1 उपपातळ्यांत विभागते. या उपपातळ्या ओळखण्यासाठी m ही संख्या वापरतात, आणि ती -J पासून +J पर्यंत एकेकाने वाढत जाते. J जर १/२ असेल तर m च्या किमती दोन: +१/२ आणि -१/२. J जर ३/२ असेल तर चार: +३/२, +१/२, -१/२, -३/२.

सोडियमच्या दोन्ही रेषांची खालची पातळी एकच आहे आणि तिचा J आहे १/२. वरची पातळी मात्र वेगळी: डी-१ साठी तिचा J १/२, डी-२ साठी ३/२. कागदावर वर एक आणि खाली एक, अशा दोन पातळ्यांच्या उपपातळ्या आडव्या रेघांनी काढा आणि वरच्या प्रत्येक रेघेपासून खालच्या प्रत्येक रेघेकडे बाण ओढा. डी-१ मध्ये वर दोन, खाली दोन, म्हणून बाण चार. डी-२ मध्ये वर चार, खाली दोन, म्हणून बाण आठ.

पण सगळेच बाण चालत नाहीत. प्रकाशाचा कण बाहेर पडताना m मधला बदल शून्य किंवा एक एवढाच असू शकतो. त्याहून जास्त नाही. डी-१ मध्ये m चा बदल कुठेही एकापेक्षा जास्त होत नाही, म्हणून चारही बाण टिकतात. डी-२ मध्ये मात्र +३/२ वरून -१/२ वर येणारा बाण आणि -३/२ वरून +१/२ वर येणारा बाण, या दोघांत बदल दोनाचा आहे. ते दोन्ही खोडा. आठातून दोन गेले, सहा उरले. प्रेस्टन यांना दिसलेले चार आणि सहा ते हेच.

इथे थांबलं तर एक मोठी चूक होऊ शकते, आणि ती विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत नेहमी आढळते. टिकलेले बाण मोजले म्हणजे रेषा मोजल्या, असं नाही. दोन बाणांची ऊर्जा नेमकी सारखी असेल तर त्यांच्या रेषा एकमेकींवर पडतात आणि डोळ्यांना एकच दिसते. म्हणून प्रत्येक बाण मूळ जागेपासून किती सरकला, हेही पाहावं लागतं. त्यासाठी g नावाचा गुणक लागतो. एखादी पातळी चुंबकीय क्षेत्राला किती दाद देते, हे तो सांगतो. १९२१ च्या सुमारास आल्फ्रेड लांडे यांनी या गुणकाचं सूत्र बसवलं, म्हणून त्याला लांडे गुणक म्हणतात. सोडियमच्या खालच्या पातळीचा g आहे २, डी-१ च्या वरच्या पातळीचा २/३ आणि डी-२ च्या वरच्या पातळीचा ४/३.

प्रत्येक उपपातळी g × m इतकी सरकते. बाणाचं सरकणं काढायला वरच्या पातळीच्या या गुणाकारातून खालच्या पातळीचा गुणाकार वजा करायचा. डी-२ चा एक बाण घेऊ: वर +१/२, खाली -१/२. वरचा गुणाकार ४/३ गुणिले १/२, म्हणजे २/३. खालचा २ गुणिले -१/२, म्हणजे -१. वजाबाकी केली की ५/३ येतात. असे सहाही बाण केले की सरकण्याच्या किमती येतात -५/३, -१, -१/३, +१/३, +१ आणि +५/३. सहाही वेगळ्या, आणि शेजारच्या दोन रेषांमधलं अंतर सगळीकडे सारखं, २/३. डी-१ च्या चार किमती येतात -४/३, -२/३, +२/३ आणि +४/३. याही वेगळ्या, पण मधली फट बाजूच्या फटींच्या दुप्पट. दोन्ही रेषांत मूळ जागा रिकामी राहते, हे लक्षात घ्या. लॉरेन्झ यांच्या त्रिकुटात तिथे एक रेषा हवी होती. मधली जागा रिकामी दिसणं हीच त्यांचा जुना हिशोब इथे लागू नसल्याची खूण.

ही सरकण्याची मापं किती लहान असतात, तेही पाहू. एक टेस्ला इतक्या क्षेत्रात पिवळ्या प्रकाशासाठी वरच्या आकड्यांतला ‘एक’ म्हणजे सुमारे ०.०१६ नॅनोमीटर. डी-२ च्या दोन शेजारी तुकड्यांमध्ये त्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे जेमतेम ०.०११ नॅनोमीटर अंतर पडतं. झेमान यांना सुरुवातीला तुकडे न दिसता फक्त रुंदावलेली रेषा का दिसली, ते यावरून कळतं.

आता उलटं उदाहरण घेऊ. कॅडमियमची एक लाल रेषा ६४३.८ नॅनोमीटरवर आहे. तिच्या वरच्या पातळीचा J २, खालच्या पातळीचा १. वर पाच उपपातळ्या, खाली तीन, म्हणजे एकूण पंधरा बाण. नियम लावला की नऊ टिकतात. पण या दोन्ही पातळ्यांत इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकमेकांना रद्द करतात, त्यामुळे दोन्हींचा g बरोबर एक आहे. वजाबाकी केली की नऊ बाणांचं सरकणं -१, ० किंवा +१ एवढंच येतं, तीन-तीन बाण एकाच जागी. दिसतात फक्त तीन रेषा. लॉरेन्झ यांचं त्रिकूट इथे तंतोतंत मिळतं.

रेषांची संख्या कुठून पाहतो यावरही ठरते. चुंबकीय क्षेत्राला काटकोनात उभं राहून पाहिलं तर सगळे तुकडे दिसतात. m न बदलणाऱ्या बाणांचा प्रकाश क्षेत्राच्या दिशेत ध्रुवित असतो, m एकाने बदलणाऱ्यांचा त्याच्या काटकोनात. चुंबकाच्या टोकाला भोक पाडून क्षेत्राच्या दिशेनेच पाहिलं तर पहिल्या प्रकारचे तुकडे दिसतच नाहीत. मग डी-१ च्या दोनच रेषा उरतात, डी-२ च्या चार. मोजणी चुकते आहे असं वाटलं तर ध्रुवक फिरवून पाहणं हा साधा उपाय: कोणते तुकडे कधी मावळतात यावरून कोणता तुकडा कोणत्या बाणाचा, ते ठरतं.

हा सगळा हिशोब क्षेत्र दुर्बळ असेपर्यंतच खरा. दुर्बळ म्हणजे किती, हे अणूनुसार बदलतं. अट एवढीच की तुकड्यांमधलं अंतर जुळ्या रेषांच्या अंतरापेक्षा खूप कमी असावं. सोडियमसाठी एक टेस्लालाही ०.०१६ विरुद्ध ०.६, म्हणजे अट आरामात पाळली जाते. लिथियमच्या ६७०.८ नॅनोमीटरच्या लाल जुळ्या रेषांत मात्र अंतर सुमारे ०.०१५ नॅनोमीटरच आहे, त्यामुळे त्याच एक टेस्लात हा हिशोब कोलमडतो आणि चार-सहाची मांडणी हळूहळू त्रिकुटाकडे सरकू लागते. खालच्या बाजूलाही मर्यादा आहे: क्षेत्र टेस्लाच्या काही शतांशांपर्यंत उतरलं की सोडियमच्या अणुकेंद्राचा स्वतःचा परिणाम आड येतो.

आपल्याकडच्या विद्यापीठांत पदव्युत्तर विद्यार्थी हा प्रयोग बहुधा पाऱ्याच्या दिव्याच्या हिरव्या रेषेवर करतात. ती आहे ५४६.१ नॅनोमीटरवर, वरचा J १ आणि g २, खालचा J २ आणि g ३/२. वाचकांनी कागद घेऊन ही रेषा स्वतः सोडवून पाहावी. पंधरा बाणांतून नऊ टिकतात, कॅडमियमइतकेच. पण इथे दोन g वेगळे असल्यामुळे सरकण्याच्या नऊही किमती वेगळ्या येतात, -२ पासून +२ पर्यंत. टिकणारे बाण J ठरवतो, आणि त्यांतले किती वेगळे दिसतील ते g ठरवतो.