कोलाडला ट्रक रेल्वेवर चढतो तेव्हा

रायगड जिल्ह्यातल्या कोलाड स्टेशनात एका रॅम्पवरून भरलेले ट्रक एकामागून एक मालगाडीच्या सपाट डब्यांवर चढतात. चाकांना अडणी लावतात, साखळ्या आवळतात आणि चाळीसएक ट्रक, ड्रायव्हर-क्लीनरसकट, गोव्यातल्या वेर्ण्याकडे निघतात. कोकण रेल्वेची ही ‘रो-रो’ सेवा जानेवारी 1999 पासून चालू आहे. महामार्गावरची गर्दी, घाट आणि डिझेल वाचावं, ड्रायव्हरला झोप मिळावी, एवढाच तेव्हाचा हिशेब होता. आता त्यात कार्बनचा हिशेब येऊन बसला आहे. मोठ्या कंपन्या आपल्या वाहतूकदारांना विचारू लागल्या आहेत की आमचा माल पोचवताना किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला ते सांगा. हा आकडा काढायचा कसा आणि त्यात कुठे फसायला होतं, हे समजून घ्यायला कोलाडचा ट्रक चांगला आहे.

दहा चाकी ट्रक घेऊ. रिकामा दहा टन, वर अठरा टन माल, एकूण अठ्ठावीस. कोलाड ते वेर्णा रस्त्याने साधारण 470 किलोमीटर धरू. घाटवाट आणि भरलेली गाडी म्हणून लिटरला साडेतीनचं अ‍ॅव्हरेज धरलं, तर 134 लिटर डिझेल लागेल. एक लिटर डिझेल जळताना सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड सोडतं. पण ते डिझेल विहिरीतून काढून, शुद्ध करून पंपापर्यंत आणतानाही इंधन जळलेलं असतं. ते मिळवलं की लिटरमागे सुमारे 3.2 किलो होतात. म्हणजे ही खेप झाली 430 किलोची.

आता तोच ट्रक डब्यावर. सपाट डबा स्वतःच चोवीस टनांच्या आसपास असतो. म्हणजे अठरा टन मालासाठी इंजिन बावन्न टन ओढणार. ट्रकची चाकं, टायर, केबिन, झोपलेला ड्रायव्हर, सगळं ओझंच. हे ऐकून कोणालाही वाटेल की हा उफराटा व्यवहार आहे. मलाही हे गणित करून बघेपर्यंत तसंच वाटत होतं. रेल्वेमार्ग आहे सुमारे 420 किलोमीटर. एक हजार टन वजन एक किलोमीटर न्यायला विजेच्या इंजिनाला सात युनिट लागतात असं धरलं, तर या एका डब्याच्या वाट्याला 153 युनिट येतात. आपल्याकडची वीज मुख्यतः कोळशाची. खाण आणि तारांतली गळती धरून युनिटमागे 0.8 किलो घेऊ. उत्तर येतं 122 किलो. रस्त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

हे श्रेय विजेचं आहे असं समजू नये. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण 2022 मध्ये पुरं झालं. त्याआधी डिझेल इंजिनं होती. हजार टन-किलोमीटरला दोन लिटर डिझेल धरून तेच गणित केलं तर 140 किलो येतात. फरक फार नाही. खरी बचत पोलादी रुळावर फिरणाऱ्या पोलादी चाकात आहे. रबरी टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि पुन्हा फुगतो, त्यात ताकद वाया जाते. पोलाद जवळजवळ दबतच नाही. शिवाय कोकण रेल्वेचा सर्वसाधारण चढ दीडशे मीटरला एक मीटर यापेक्षा जास्त ठेवलेला नाही. त्यासाठीच तर नव्वदच्या वर बोगदे खोदले. रस्त्यावरचा ट्रक मात्र घाट चढताना डिझेल जाळतो आणि उतरताना ते ब्रेकच्या उष्णतेत घालवतो.

इथवरचं गणित सोपं आहे. फसवणूक सुरू होते ती ‘टनामागे किलोमीटरमागे किती ग्रॅम’ हा एकच आकडा हातात धरला की. आपल्या ट्रकचे 430 किलो, अठरा टन आणि 470 किलोमीटर यांचा भागाकार 51 ग्रॅम. आता समजा घाट बंद म्हणून ड्रायव्हरने साठ किलोमीटरचा वळसा घेतला. डिझेल वाढलं, धूर 485 किलोंवर गेला. पण भागताना किलोमीटरही 530 घेतले तर उत्तर पुन्हा 51 ग्रॅमच! वळसा हिशेबातून नाहीसा झाला. म्हणून 2023 साली आलेल्या आयएसओ 14083 या मानकात भागायचं अंतर प्रत्यक्ष धावलेलं नसतं, तर सर्वांत जवळच्या व्यवहार्य वाटेचं किंवा सरळ हवाई अंतर असतं. धूर मात्र प्रत्यक्ष जळलेल्या इंधनाचा.

दुसरी पळवाट रिकाम्या फेरीची. परतीचं भाडं मिळालं नाही तर गाडी खाली येते. रिकामी गाडी लिटरला पाच किलोमीटर देते असं धरलं तरी 94 लिटर, म्हणजे 300 किलो आणखी. ते कोणाच्या नावावर? अठरा टन मालाच्याच, कारण त्याच्यासाठी गाडी निघाली होती. पण बिल्टी फक्त जाण्याची असते आणि कंपनीला दिलेल्या तक्त्यात परतीचा प्रवास बहुतेकदा नसतोच. असा तक्ता ओळखायला सोपा आहे. टाकी फुल्ल करून निघाल्यापासून परत येऊन पुन्हा फुल्ल करेपर्यंतच्या डिझेलच्या पावत्या आणि काट्याची पावती मागायची. त्या नसतील आणि सरासरीवरून आकडा काढलेला असेल, तर तो त्या गाडीचा नव्हे, कुठल्यातरी काल्पनिक गाडीचा असतो.

रेल्वेलाही हाच नियम लावायला हवा. चाळीस डब्यांच्या गाडीत वीसच ट्रक चढले, तर रिकामे डबे थोडेच स्टेशनात थांबतात? प्रत्येक ट्रकच्या माथी आणखी एका डब्याचं ओझं येतं. आपले 122 किलो मग 180 च्या जवळ जातात. तरीही रस्त्यापेक्षा निम्म्याहून कमी, हे रेल्वेच्या बाजूने नोंदवायला हवं.

पण माल कोलाडला जन्मत नाही. तळोज्याच्या कारखान्यातून निघालेला ट्रक कोलाडपर्यंत नव्वदएक किलोमीटर रस्त्यानेच येणार, म्हणजे 80 किलोंवर धूर तिथेच. पूर्ण प्रवासाची तुलना मग 512 विरुद्ध 204 अशी होते. बचत सत्तर टक्क्यांवरून साठवर येते. पुण्याच्या भोसरीतून गोव्याला निघालेल्या ट्रकला तर कोलाड आडवाटेलाच आहे. तो ताम्हिणी उतरून येईपर्यंत कोल्हापूरच्या वाटेला लागलेला बरा.

जलवाहतुकीतही टोकंच निकाल लावतात. जहाज संथ चालतं, पाण्यावर तरंगतं, त्यामुळे टनामागे इंधन कमी लागतं. पण बंदरापर्यंत ट्रक, मग क्रेन, मग पलीकडे पुन्हा ट्रक. गुजरातमधल्या मोरबीच्या फरशा कांडला-मुंद्र्याहून समुद्रमार्गे केरळला जातात, कारण माल जड, नासत नाही, घाई नाही आणि अंतर लांब. आपल्याकडे याहून स्वच्छ उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडचं आहे. तिथे मोठ्या जहाजातून आलेला कोळसा आणि लोहखनिज लहान जहाजांत भरून अलिबागजवळच्या धरमतर खाडीत, डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या धक्क्याला नेतात. दोन्ही टोकांना ट्रक लागतच नाही. त्याच रत्नागिरीचा हापूस मात्र वाशीच्या बाजारात टेम्पो-ट्रकनेच जातो आणि जात राहील. बागेतून संध्याकाळी निघालेली पेटी सकाळच्या लिलावाला हवी असते, आणि बागा विखुरलेल्या, प्रत्येकीची खेप लहान. तिथे धूर कमी करायचा तर रेल्वेच्या वेळापत्रकापेक्षा वाशीहून परतणाऱ्या गाडीला भाडं मिळतं का, हे आधी बघावं लागेल.