रुपयाला महिन्याने गुणा

समजा, बोरिवलीत तिघी मैत्रिणींनी 1 एप्रिलला भागीदारीत पोळी-भाजी केंद्र उघडलं. पहिलीने दोन लाख घातले, ते वर्षभर राहिले. दुसरीची मुदत ठेव जुलैअखेर सुटणार होती, म्हणून तिचे तीन लाख 1 ऑगस्टला आले. तिसरीने सुरुवातीलाच चार लाख दिले, पण मुलाच्या फीसाठी सप्टेंबरअखेर त्यातले दोन लाख काढून घेतले. मार्चअखेर नफा झाला 2,52,000 रुपये.

वर्षअखेरीला वहीत दिसतात दोन, तीन आणि दोन लाख. त्या प्रमाणात वाटणी केली तर 72,000, 1,08,000 आणि 72,000 रुपये होतात. पण पहिले सहा महिने शेगड्या, भांडी, गाळ्याचं डिपॉझिट हे सगळं मुख्यतः तिसरीच्या पैशांवर उभं होतं. ते या हिशोबात कुठेच येत नाही.

म्हणून रक्कम जितके महिने धंद्यात राहिली, तितक्याने तिला गुणायचं. पहिलीचे 2 × 12 म्हणजे 24 लाख-महिने. दुसरीचे 3 × 8, म्हणजे तेही 24. तिसरीची रक्कम मध्येच बदलली, म्हणून दोन तुकडे: 4 × 6 आणि 2 × 6, मिळून 36. एकूण 84. नफ्याला 84 ने भागलं की एका लाख-महिन्याला 3,000 रुपये पडतात. पहिल्या दोघींना प्रत्येकी 72,000 आणि तिसरीला 1,08,000. आधीच्या वाटणीत दुसरीला मिळालेला मोठा वाटा आता तिसरीकडे गेला.

चूक बहुधा तिसरीच्या ओळीत होते. उचल विसरून 4 × 12 केलं की तिचे 48 होतात आणि उरलेल्या दोघींचा वाटा घटतो. पैसे महिन्याच्या मध्येच आले-गेले असतील, तर सगळ्यांचेच दिवस मोजावेत. एकीचे दिवस आणि दुसरीचे महिने चालणार नाहीत.

मुदत सारखी असेल तर गुणाकाराची गरजच उरत नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं उदाहरण तसंच आहे: मुद्दल 51, 68 आणि 85, धंद्याअंती मिळून 300, म्हणून वाटे 75, 100 आणि 125.

या रीतीला दोन मर्यादा आहेत. ती प्रत्येक महिना सारखाच कमाईचा धरते. दिवाळीच्या फराळाने वर्षाचा बराचसा नफा दिला असेल, तर ऑगस्टमध्ये आलेली दुसरी त्यावर बोट ठेवेल. दुसरं म्हणजे, पहाटे कणीक मळणारीचे कष्ट यात मोजले जात नाहीत. तिचा पगार नफा काढण्याआधीच वजा करावा लागतो.

आणि हे सगळं करारनाम्यात हवं. 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्याचं कलम 13 सांगतं की वेगळं ठरलेलं नसेल तर भागीदारांचा नफा समान. म्हणजे तिघींना प्रत्येकी 84,000. करारात ही एक ओळ नसेल, तर तिसरीचे 24,000 रुपये तिथेच गेले.