वकिलाचे मत: निष्कर्ष आधी, कारणे नंतर

जमीनखरेदीपूर्वी वकिलाकडून घेतलेल्या अभिप्रायाचा सारांश म्हणजे मूळ मजकूर त्याच क्रमाने आटोपशीर करणे, असा समज आढळतो. वस्तुतः तो क्रम उलटावा लागतो, कारण रक्ततपासणीच्या अहवालात रुग्ण जसा आधी दोष शोधतो आणि पद्धतीकडे क्वचितच वळतो, तसाच पक्षकारही 'घ्यावी की नाही' हेच आधी शोधतो.

समजा, वडिलोपार्जित शेताच्या सातबाऱ्यावर एकट्या भावाचे नाव आहे, आणि बहिणीने 'हिस्सा नको' असा जबाब तलाठ्यापुढे दिला आहे. सारांशाची सुरुवात अशी हवी: 'सध्याच्या स्थितीत खरेदी करू नये. बहीण पुढे वाटपाचा दावा लावू शकते आणि तिच्या हिश्श्यापुरती खरेदी धोक्यात येते. तिच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र (हिस्सा सोडल्याचा दस्त) घ्यावे, किंवा तिला खरेदीखतात विक्रेती म्हणून सामील करावे.'

त्यानंतर कारणे येतात: फेरफार (महसुली दप्तरातील बदलाची नोंद) मुख्यतः सारावसुलीसाठी असल्याने त्याने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, तर हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. हा क्रम लावताना मूळ अभिप्रायातील 'शेत वडिलोपार्जित असल्यास' यासारखी अट मात्र गळता कामा नये. सोपेपणाच्या नादात नेमकी तीच गळते.