मेलमध्ये किती, अटॅचमेंटमध्ये काय?

"सोबतची फाइल पाहावी" एवढ्या एका ओळीचा मेल येतो. फाइल बारा पानांची असते आणि आपल्याकडून नेमकं काय हवंय ते नवव्या पानावर असतं. कधी याच्या उलट होतं. मेलच इतका लांबलचक असतो की मोबाइलवर अंगठा दुखेपर्यंत वर सरकवला तरी विनंती सापडत नाही. दोन्हीकडे गफलत एकच असते. वाचल्यावर समोरच्याने काय करायचं हे लिहिणाऱ्याने आधी ठरवलेलं नसतं. मेलची लांबी त्यावरच ठरते, विषय किती मोठा आहे यावर नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, चाळीस सदनिकांच्या एका गृहनिर्माण संस्थेची लिफ्ट जुनी झाली आहे. तीन कंपन्यांची कोटेशन्स आली आहेत. सचिवांना या एकाच कामासाठी तीन वेगळे मेल लिहायचे आहेत.

पहिला मेल जातो व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना. त्यांच्याकडून निर्णय हवा आहे. निर्णय मागणारा मेल मोबाइलच्या एका, फार तर दोन पडद्यांत मावावा, म्हणजे शंभर-दीडशे शब्दांत. तो असा लिहिता येईल:

विषय: लिफ्टचा प्रस्ताव – रविवारपर्यंत होकार/नकार कळवा

"नमस्कार. लिफ्ट बदलण्यासाठी 'ब' कंपनीचं 12 लाख 10 हजारांचं कोटेशन सर्वसाधारण सभेपुढे ठेवावं, असं मी सुचवतो. आपला होकार किंवा नकार रविवारी संध्याकाळपर्यंत कळवावा.
'अ' कंपनीचा आकडा 11 लाख 40 हजार, म्हणजे सर्वांत कमी आहे, पण त्यात जुनी लिफ्ट काढणं आणि बांधकामाची डागडुजी धरलेली नाही. 'क' कंपनीचा आकडा 13 लाख 60 हजार आहे आणि काम तेवढंच आहे.
दुरुस्ती निधीत 8 लाख आहेत. उरलेल्या 4 लाख 10 हजारांसाठी प्रत्येक सदनिकेमागे 10,250 रुपये वर्गणी काढावी लागेल.
सोबत: एकपानी तुलनातक्ता आणि तिन्ही कोटेशन्स."

इथे मागणी आणि मुदत पहिल्या परिच्छेदातच आली. स्वस्त कोटेशन का सोडलं, हा प्रश्न प्रत्येकजण विचारणारच, म्हणून त्याचं उत्तरही मेलमध्येच आहे. वर्गणीचा आकडाही तिथेच हवा, कारण होकार-नकार त्यावरच ठरणार. कोटेशनमधल्या अटी, मोटारची क्षमता, पैसे देण्याचे टप्पे हे मात्र अटॅचमेंटमध्ये गेलं. ज्याला शंका येईल तो उघडून पाहील, इतरांना त्याची गरज नाही.

मेल पाठवण्याआधी एक कसोटी लावून बघावी: अटॅचमेंट उघडलीच नाही, तरी समोरच्याला उत्तर देता येईल का? येत नसेल, तर मेलमध्ये हवी असलेली गोष्ट फाइलमध्ये गेली आहे.

दुसरा मेल लिफ्ट कंपनीला, शंका विचारण्यासाठी. इथे शब्द मोजत बसू नये, प्रश्न मोजावेत आणि त्यांना क्रमांक द्यावेत. देखभालीच्या वार्षिक दरात सुटे भाग धरले आहेत का? काम किती दिवस चालेल? त्या काळात राडारोडा कोण उचलणार? एका वाक्यात दोन प्रश्न गुंफले तर उत्तर हमखास एकाचंच येतं. प्रश्न मेलच्या मजकुरातच लिहावेत, म्हणजे पलीकडच्या माणसाला प्रत्येकाखाली उत्तर लिहिता येतं. तेच प्रश्न पीडीएफमध्ये पाठवले तर त्याला ते पुन्हा टाइप करावे लागतात. लिफ्टच्या खड्ड्याच्या मोजमापाचा नकाशा मात्र जोडावा, कारण तो शब्दांत सांगता येत नाही.

तिसरा मेल सर्व सभासदांना, सभेच्या सूचनेचा. सर्वसाधारण सभेची सूचना आदर्श उपविधींनुसार पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. ती जपून ठेवण्याचा दस्तऐवज असल्यामुळे विषयपत्रिका सहीशिक्क्यासह पीडीएफमध्येच जावी. मेलमध्ये चार-पाच ओळी पुरतात: तारीख, वार, वेळ, जागा आणि मुख्य विषय. सभेच्या दिवशी लोक मेल पुन्हा शोधतात ते वेळ पाहण्यासाठी. ती फाइलमध्ये दडलेली असेल, तर सचिवांचा फोन वाजायला लागतो.

थोडक्यात, जे छापायचं, सही करायचं, दप्तरी ठेवायचं किंवा पडताळून पाहायचं, ते अटॅचमेंटमध्ये. त्यातही प्रकार नीट निवडावा. तुलनातक्ता सदस्यांना फक्त पाहायचा आहे, म्हणून पीडीएफ. खजिनदारांना वर्गणीचं गणित बदलून पाहायचं असेल, तर त्यांना एक्सेल पाठवावी. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये केलेली वर्डची फाइल पाठवली, तर ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला नुसती अगम्य अक्षरं दिसतात. तिची पीडीएफ करताना फॉन्ट फाइलमध्येच समाविष्ट होतो आणि मजकूर जसाच्या तसा दिसतो. मोठा तक्ता वर्डमधून उचलून मेलमध्ये चिकटवण्याचा मोहही टाळावा. त्याच्यासोबत सजावटीचा बराच न दिसणारा कोड येतो. मजकूर साधारण 102 केबीच्या पुढे गेला की जीमेल तो मध्येच तोडून दाखवतं.

फाइलच्या आकाराबाबतही एक गोष्ट लक्षात ठेवावी. मेलमधून जाताना फाइलचं रूपांतर साध्या अक्षरांत होतं. तीन बाइट्सची चार अक्षरं होतात, म्हणजे आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. त्यामुळे 20 एमबीची मर्यादा असलेल्या सर्व्हरवर 15 एमबीची फाइलही काठावर असते आणि मेल परत येऊ शकतो. मोबाइलने काढलेले कोटेशनचे फोटो जसेच्या तसे जोडण्याऐवजी स्कॅन करून एकच पीडीएफ केली, तर आकार बराच आटोक्यात येतो. नावही "स्कॅन 003" नको; "लिफ्ट तुलनातक्ता" असं हवं, म्हणजे वर्षभरानंतरही शोधता येतं.

फाइल फारच मोठी असेल किंवा रोज बदलणार असेल, तर लिंक द्यावी. कराराच्या मसुद्यावर पाच जण काम करत असतील, तर अटॅचमेंटच्या पाच प्रती फिरायला लागतात आणि ताजी कुठली ते कुणालाच कळत नाही. लिंक पाठवण्यापूर्वी ती पाहण्याची परवानगी सगळ्यांना दिली आहे ना, हे तपासावं. मंजूर झालेला करार मात्र लिंकवर ठेवून भागत नाही. लिंकमागचा मजकूर उद्या बदलता येतो, पाठवलेली पीडीएफ प्रत्येकाकडे तशीच राहते.

लांब मेलला जागा आहे ती तक्रारीत. लिफ्ट बसवल्यानंतर ती वारंवार बंद पडू लागली, तर कंपनीला जाणारा मेल पुढे पुरावा म्हणून लागू शकतो. त्यात कुठल्या तारखेला काय झालं, कुणाला कळवलं आणि काय उत्तर मिळालं, हे क्रमाने लिहावं. तो दोन पानांचा झाला तरी हरकत नाही. मात्र काय हवंय आणि किती दिवसांत, हे तिथेही पहिल्या दोन ओळींतच यावं.