दोन-चार, दोन-सहा

बेलपाड्याला मेट्रो येऊन पुढच्या नोव्हेंबरात किती वर्षं झाली याचे फलक लागतीलच. 17 नोव्हेंबर 2023 ला गाडी सुरू झाली. बेलापूर धरून तिसरं स्टेशन आमचं. गावाचा मागोवा घ्यायचाच तर लोक तिथून घेतात. मी मात्र यंदाच्या मे महिन्यात आलेल्या एका खोक्यापासून घेते, कारण तो माझ्या मनाला लागलाय.

झालं असं. माझ्या भाचीने, म्हणजे भावाच्या लेकीने, भाऊबीज, वाढदिवस आणि गावच्या जत्रेचे मिळून खाऊचे पैसे साठवले आणि मातृदिनाला आईसाठी हिरव्या काचेच्या बांगड्या मागवल्या. मोबाइल बापाचा, पैसे तिचे. वहिनीची जुनी बांगडी तिने गुपचूप पट्टीवर ठेवून आतून मापली, सहा सेंटिमीटर भरली. पोरीने सहाला 2.54 ने भागलं, 2.36 आलं, म्हणजे जवळजवळ 2.4. यादीत 2.4 होतंच. तेच निवडलं. बांगड्या आल्या, वहिनीच्या बोटांच्या पेरांवर अडकल्या, दोन तिथेच वाढल्या. विक्रेता म्हणाला, काचेचा माल परत घेत नाही.

पोरीचं गणित एका अक्षराने चुकलेलं नव्हतं. चुकीचं होतं ते यादीतलं टिंब. बांगडीचं 2.4 म्हणजे दोन पूर्णांक चार दशांश इंच नव्हेच. दोन इंच आणि चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच, आतून 57 मिलिमीटर. तिला हवं होतं ते दोन-सहा, साधारण 60 मिलिमीटर. प्रत्येक नंबरात तीन मिलिमीटरांचा फरक असतो, आणि हाताच्या सर्वांत रुंद भागावर तीन मिलिमीटर म्हणजे काय ते ज्या बाईने बांगड्या भरल्यात तिला विचारा. कासार ‘दोन-चार’ म्हणतो, मध्ये टिंब देत नाही. टिंब दिलं ते यादी बनवणाऱ्याने, ज्याने आयुष्यात कुणाचा हात दाबून पाहिला नसेल.

आता मागे जाऊ. 1970 मध्ये सिडको आली, जमिनी गेल्या, 1984 च्या जानेवारीत जासई-दास्तानला गोळीबार झाला, 1990 ला साडेबारा टक्क्यांचं ठरलं. हे सगळं आमच्या घरात इतक्यांदा सांगून झालंय की मी इथे दोन ओळींत उरकते. माझं दशक नव्वदचं. शेतं मोजून झालेली, इमारती अजून उगवायच्या, आणि बाजार म्हटला की पनवेलच. हायवेवर उभं राहायचं, एसटी थांबली तर जायचं.

खाऊचे पैसे तेव्हा महिन्याला ठरलेले नसायचे. हळदीला आलेला पाहुणा, गौरीला आलेली आत्या, जाताना हातावर काहीतरी ठेवायची. शाळेत संचयिका होती. गुरुजी दर आठवड्याला पैसे घ्यायचे, पुस्तकात लिहायचे. घालणं सोपं होतं. काढायला वडिलांची सही लागायची. आईला गुपचूप काही द्यायचं असलेल्या मुलीला ही बँक काय कामाची? म्हणून मातीचा गल्ला. त्याच्या फटीतून सुरीच्या पात्यावरून नाणं घसरवत बाहेर काढता येतं, हे मला आमच्या एका मामाने दाखवलं, आणि मग ‘उद्या देतो’ म्हणून त्यानेच काढून नेलं. तो उद्या अजून आलेला नाही. मामा आता देवाघरी आहे, पण हिशेब लिहून ठेवायला हरकत नाही.

चौथीच्या दिवाळीआधी मी गल्ला फोडला. वीस पैशांची षटकोनी, दहाची नक्षीदार काठांची, पंचवीसची, आणि घडी घालून कोंबलेल्या एक-दोन रुपयांच्या नोटा. एका नोटेला कसर लागली होती. आत्याला विश्वासात घेतलं, कारण पनवेलला एकटीला कोण पाठवणार?

आईला काय द्यायचं हे ठरायला वेळ लागला नाही. भात कापणीत, कपड्यांच्या दगडावर, भांड्यांत तिच्या बांगड्या सतत वाढायच्या. सणाच्या तोंडावर एका हातात चार आणि दुसऱ्यात दोन अशी अवस्था असायची. अडचण मापाची होती. पूर्ण बांगडी मागितली तर गुपित फुटतं. पण वाढलेल्या बांगडीचे तुकडे तर आम्ही मुली खेळायला गोळा करतच होतो. त्यातला सर्वांत लांब, जवळजवळ एक-तृतीयांश वर्तुळ भरेल असा तुकडा मी रुमालात बांधून नेला.

कासाराने तो हातात घेतला आणि दांडीवरच्या बांगड्यांवर एकेक करून आडवा ठेवून पाहिला. दोन-दोनला तुकडा सपाट दिसे, कडा बाहेर यायच्या. दोन-सहाला मध्ये फट राहायची. दोन-चारला असा बसला की काच काचेला पूर्ण टेकली. मी म्हटलं, द्या. त्याने दिल्या नाहीत.

“बाय, ही मी नाहीतर कुणी कासारानं भरलेली आहे,” तो म्हणाला. “आई स्वतः घालणार ना? मग दोन-सहा ने.”

यातलं शहाणपण मला पुष्कळ नंतर कळलं. बांगडी मनगटाच्या मापाने घेतच नाहीत. अंगठा तळव्यात मुडपल्यावर पंजा पेरांपाशी जितका रुंद राहतो, ते माप. कासार हात ओला करतो, पेरं दाबून एकाखाली एक सरकवतो आणि बाईने घरी कधी चढवली नसती इतकी घट्ट बांगडी तिच्या हातात घालतो. भरताना वाढली तर नुकसान त्याचं, म्हणून तो जपतो. तेव्हा भरलेल्या बांगडीचा तुकडा दोन-चार सांगत असेल, तर भेट म्हणून कागदात बांधून न्यायला एक नंबर मोठी हवी. मला चमकीच्या हव्या होत्या. त्याने साध्या हिरव्या पुढे केल्या, चमकी भांड्यांत आठवड्यात जाते म्हणून. पटलं नव्हतं. पैसे साध्यांचेच पुरत होते म्हणून घेतल्या, दोन डझन. चिल्लर त्याने मोजली, कुरकुर केली, पण घेतली.

आईच्या हातात त्या घरच्या घरी गेल्या. ‘एवढ्या कुठून आणल्यास’ असं रागावून विचारलं, आणि दिवाळीभर घातल्या.

पुढची वर्षं भराभर गेली. 1998 ला लोकल पनवेलपर्यंत पोहोचली, 2011 च्या जूनअखेर पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, 2016 ला पनवेलची महापालिका झाली. कासाराचं ते दुकान कधी मिटलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. भाचीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आत्या, मग त्यांनी तसं लिहायचं ना.”

तिचं बरोबर आहे. काचेच्या बांगड्या ऑनलाइन विकणाऱ्यांनो, नंबराशेजारी आतलं माप मिलिमीटरमध्ये लिहा: दोन-दोन म्हणजे 54, दोन-चार 57, दोन-सहा 60, अडीच म्हणजे 63.5. आणि आयांनो, तुमचं माप मुलीच्या कानावर सहज पडू द्या, म्हणजे साठवलेले पैसे पेरांवर फुटणार नाहीत.