चौदा कोअरचा झिऑन स्वस्तात… पण बोर्डाचं काय?

फोनवर रील्स चाळताना ही जाहिरात तुम्हीही बघितली असेल. झिऑन प्रोसेसर, चौदा कोअर, अठ्ठावीस थ्रेड, सोबत ‘एक्स९९’ बोर्ड आणि ३२ जीबी रॅम. किंमत बघितली की वाटतं, आपण उगाच आय-थ्रीसाठी पैसे साठवतोय. हॉस्टेलच्या ग्रुपवर कोणीतरी लिंक टाकतो आणि ‘घेऊ का रे?’ यावर रात्री दोनपर्यंत चर्चा चालते.

घ्यायचा की नाही, हे प्रत्येकाच्या कामावर ठरतं. त्याआधी हा माल एवढा स्वस्त का असतो आणि त्यात धोका नेमका कुठे आहे, हे समजून घ्या.

चिप खरी, बोर्ड जुगाड

समजा जाहिरातीतला प्रोसेसर झिऑन ई५-२६८० व्ही४ आहे. इंटेलने तो २०१६ मध्ये सर्व्हरसाठी आणला. मोठमोठ्या डेटा सेंटरमध्ये काही वर्षांनी सर्व्हर बदलतात आणि जुने सर्व्हर सुटे करून विकले जातात. हजारो प्रोसेसर एकदम बाजारात येतात. घरच्या पीसीत ते थेट बसत नाहीत, म्हणून भाव पडतो. प्रोसेसर ही पीसीतली सगळ्यात टिकाऊ वस्तू आहे. पाच-सात वर्षं एसी खोलीत चाललेली चिप सहसा व्यवस्थित असते. थोडक्यात, चिपमध्ये फसवणूक फारशी नाही.

प्रश्न बोर्डाचा आहे. सर्व्हरचे मूळ बोर्ड वेगळ्या आकाराचे असतात, साध्या कॅबिनेटमध्ये ते जात नाहीत. म्हणून चीनमधल्या कंपन्यांनी या चिपसाठी स्वस्त बोर्ड बनवायला घेतले. हुआनानझी, मशिनिस्ट ही नावं तुम्ही ऐकली असतील. बोर्ड नवा असतो, पण त्यावरचा चिपसेट बऱ्याचदा जुन्या बोर्डावरून काढून बसवलेला असतो. खोक्यावर ‘एक्स९९’ छापलेलं असलं, तरी आत इंटेलचा खरा एक्स९९ चिपसेट असेलच असं नाही. क्यू८७, बी८५ किंवा एच८१ असे साध्या ऑफिस पीसीचे चिपसेट त्यात सापडतात.

याने पीसी बंद पडत नाही, कारण ग्राफिक्स कार्ड आणि रॅम थेट प्रोसेसरशी बोलतात. पण यूएसबी आणि साटा पोर्ट चिपसेटवर अवलंबून असतात, ते कमी मिळतात. स्लीपमध्ये टाकलेला पीसी जागाच होत नाही, ही या बोर्डांची नेहमीची तक्रार. बायोस अपडेटही सहसा येत नाही. आला तरी तो खात्रीच्या जागेवरून आलाय का, हे कळायला मार्ग नसतो.

तुमच्या बोर्डावर काय आहे ते बघणं सोपं आहे. विंडोजमध्ये सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर उघडा आणि Mainboard टॅबमध्ये Southbridge समोर काय लिहिलंय ते वाचा. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट केलं असेल, तर टर्मिनलवर एवढं टाइप करा:

```
lspci | grep -i isa
```

खरा असेल तर उत्तरात X99 किंवा C610 दिसेल. Q87 किंवा B85 दिसलं, की खोक्यावरचं नाव नुसतं छापण्यापुरतं होतं हे समजायचं.

जुळणीत कुठे अडकाल?

पहिली अडचण सॉकेटची. ई५ मालिकेच्या व्ही१ आणि व्ही२ चिप ‘२०११’ सॉकेटच्या, तर व्ही३ आणि व्ही४ ‘२०११-३’च्या. नावं सारखी वाटतात, पण एकाची चिप दुसऱ्यात बसत नाही. त्यात व्ही१ आणि व्ही२ मध्ये एव्हीएक्स-२ हा सूचनासंच नाही. काही नवी सॉफ्टवेअर आणि गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत. म्हणून घ्यायचाच तर व्ही३ किंवा व्ही४ घ्या.

दुसरी अडचण रॅमची, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकतात. काही स्वस्त बोर्डांवर डीडीआर३ चे स्लॉट असतात. व्ही३ मधल्या काही ठरावीक चिप डीडीआर३ चालवतात, व्ही४ मात्र फक्त डीडीआर४ वर चालतो. डीडीआर३ चा बोर्ड आणि व्ही४ चिप वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून मागवली, तर स्क्रीनवर काहीच येणार नाही आणि दोघंही म्हणतील, ‘आमचा माल चांगला आहे.’

शिवाय कॉम्बोमध्ये येते ती बहुतेक वेळा सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. झिऑनवर ती उत्तम चालते, पण साध्या रॅमसोबत मिसळता येत नाही. उद्या आय-फाइव्ह किंवा रायझनचा पीसी जोडायचा ठरवला, तर ही रॅम त्यात चालणार नाही.

तिसरी गोष्ट जाहिरातीत कधीच मोठ्या अक्षरांत नसते. या झिऑनमध्ये इनबिल्ट ग्राफिक्स नाही. मॉनिटरवर नुसता डेस्कटॉप दिसायलासुद्धा वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं.

चौथी गोष्ट विंडोजची. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत व्ही३, व्ही४ नाहीत. आडवाटेने ते टाकता येतं, पण पुढचे मोठे अपडेट विनात्रास येतील याची हमी नाही. उबंटूवर काम करणाऱ्यांना हा प्रश्न नाही. व्हॅलोरंटसाठी पीसी घेणाऱ्यांनी मात्र थांबावं. विंडोज ११ वर तो गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो, आणि असल्या बोर्डावर हे दोन्ही नीट मिळणं नशिबाचा भाग आहे.

डाळजच्या घरातलं गणित

आता हिशोब करू. समजा तुम्ही इंदापूर तालुक्यातल्या डाळजला राहता, बारामतीला इंजिनिअरिंगला आहात आणि पीसी घरी ठेवणार आहात. कॅबिनेट, एसएसडी, मॉनिटर दोन्हीकडे सारखेच, म्हणून ते सोडून देऊ. खालचे आकडे फक्त हिशोबासाठी धरलेत. भाव सतत हलतात, तेव्हा तुमच्या दुकानदाराचे आकडे टाकून हेच गणित पुन्हा करा.

झिऑनकडे चिप २,००० रुपये, बोर्ड ६,०००, कूलर १,२०० आणि साधं ग्राफिक्स कार्ड २,५००. झाले ११,७००. दुसरीकडे आय३-१२१०० ही चिप ९,५०० आणि एच६१० बोर्ड ६,०००, म्हणजे १५,५००. कूलर खोक्यातच येतो आणि ग्राफिक्स आतच आहे. फरक ३,८०० रुपयांचा. सर्व्हरची रॅम साध्या रॅमपेक्षा १,५०० नी स्वस्त पडली असं धरू. एकूण बचत ५,३०० रुपये.

आता विजेकडे बघा. व्ही४ चिपची रेटिंग १२० वॅट, आय-थ्रीची ६०. त्यात झिऑनचा पीसी नुसता चालू असतानाही जास्त वीज खातो आणि वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची भर पडते. सरासरी ६० वॅटचा फरक धरला आणि पीसी रोज सहा तास चालला, तर वर्षाला साधारण १३० युनिट जास्त जातात. दहा रुपये युनिट धरलं तर वर्षाचे १,३००, तीन वर्षांचे ३,९००. घरचं बिल महिन्याला शंभर युनिटच्या काठावर असेल, तर हे वरचे युनिट महागड्या स्लॅबमध्ये मोजले जातील.

उरली बचत १,४०० रुपये. आता बोर्ड बिघडला असं समजा. अलीएक्स्प्रेस भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे, त्यामुळे हे बोर्ड आपल्यापर्यंत येतात ते आयात करणाऱ्या आणि पुढे विकणाऱ्यांमार्फत. इथे कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही. वॉरंटी म्हणजे विक्रेत्याचा शब्द. पुण्याच्या तपकीर गल्लीतून घेतला असेल, तर डाळजहून शंभरपेक्षा जास्त किलोमीटर जायचं, बोर्ड ठेवून परत यायचं आणि पुन्हा आणायला जायचं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा दिल्लीहून कुरिअरने मागवला असेल, तर पाठवणीचा खर्चही तुमचाच. दोन फेऱ्यांत १,४०० संपतात, आणि सबमिशनच्या आठवड्यात पीसी नसणं वेगळंच.

लाइट जाण्याचाही विचार करा. लहान यूपीएसवर आय-थ्रीला मिळणारी मिनिटं झिऑनला मिळणार नाहीत. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर १२० वॅटची चिप चालवण्याचा मोह तर टाळाच.

मग फायदा कोणाला?

कोअर जास्त म्हणजे पीसी फास्ट, हा समज आधी काढून टाका. ई५-२६८० व्ही४ चा कमाल वेग ३.३ गिगाहर्ट्झ, आय३-१२१०० चा ४.३. त्यात आय-थ्रीची रचना बरीच नवी. त्यामुळे एका कोअरच्या कामात झिऑन जवळपास निम्म्यावर येतो. ब्राउझर, कोडिंग, कॅडमधलं मॉडेलिंग आणि बहुतेक गेम याच वेगावर चालतात. इथे चार कोअरचा आय-थ्री चौदा कोअरना मागे टाकतो.

सगळे कोअर एकदम राबतात अशा कामात चित्र उलटतं. ब्लेंडरमध्ये सीपीयूवर रेंडर लावायचा आहे, मोठा प्रोजेक्ट कंपाइल करायचा आहे, किंवा नेटवर्किंगच्या अभ्यासासाठी एकाच वेळी पाच-सहा व्हर्च्युअल मशिन चालवायच्या आहेत. असं काम रोजचं असेल, ग्राफिक्स कार्ड आधीच घरात असेल आणि लिनक्स चालणार असेल, तर बचत खरी आहे. वरच्या हिशोबातले ग्राफिक्स कार्डाचे २,५०० वाचतात आणि आय-थ्रीला न झेपणारं कामही होतं.

अशांसाठी आणखी एक रस्ता आहे. एचपी झेड४४० किंवा डेल प्रिसिजन ५८१० ही जुनी वर्कस्टेशन. चिप याच मालिकेतल्या, रॅम तीच, पण बोर्ड आणि पॉवर सप्लाय कंपनीचा आणि बायोस कंपनीच्या साइटवर मिळतो. किंमत थोडी जास्त पडेल आणि बिघडलेला भाग त्याच मॉडेलचा शोधावा लागेल. तरी जुगाडू बोर्डापेक्षा हा सौदा बरा.

चौकट : पैसे देण्याआधी

- चिप, बोर्ड आणि रॅम एकाच विक्रेत्याकडून, एकाच बिलावर घ्या.
- चिपवर ‘कॉन्फिडेन्शियल’ छापलेलं असेल किंवा कोड क्यू अक्षराने सुरू होत असेल, तर ते चाचणीसाठी बनवलेलं सॅम्पल असतं. कोड एसआरने सुरू होणारा हवा.
- दुकानातच पीसी चालू करून पूर्ण ३२ जीबी रॅम दिसते का ते बघा. प्रत्येक स्लॉट वेगळा तपासा, एखादा मेलेला निघतो.
- पहिल्या आठवड्यातच रात्रभर मेमटेस्ट लावा, एक तास सगळ्या कोअरवर लोड द्या आणि स्लीपमधून जागा होतो का ते बघा. आपोआप रिस्टार्ट झाला, तर रिप्लेसमेंटची मुदत संपायच्या आत परत करा.
- बिलावर वॉरंटीचे महिने आणि पाठवणीचा खर्च कोणाचा, हे लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं नंतर कोणाच्याच लक्षात राहत नाही.